प्रतिसाद: टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह, मग गोळ्या कशाला?

>> दोन महिन्यांत थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी अजून चार महिने गोळ्या कशाला?

कारण त्या रिपोर्टची नजर तेवढी तीक्ष्ण नसते हो. मी लॅबमध्ये स्लाइड बघते. थुंकीच्या स्लाइडवर कार्बॉल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, मग २५ टक्के सल्फ्युरिक अॅसिडने धुवायचं आणि वरून मिथिलीन ब्लू हा निळा रंग. बाकी सगळ्याचा लाल रंग अॅसिडने उतरतो, टीबीच्या जंतूचा नाही, कारण त्याच्या भिंतीत मायकोलिक अॅसिडचा मेणचट थर असतो, म्हणून निळ्यावर लाल काड्या दिसतात. पण एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू असल्याशिवाय त्या सापडणं कठीण, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे शून्य नव्हे (आणि उलट, मेलेले जंतूही लालच दिसतात!).

आता आयसोनियाझिड हे टीबीचं औषध नेमकं हे मेण बनवणंच बंद पाडतं, म्हणून भराभर वाढणारे जंतू सुरुवातीलाच मरतात, पण काही सुस्त पडून असतात, नवी भिंत बांधतच नाहीत, मग त्यांचं आयसोनियाझिड काय बिघडवणार? ते अधूनमधून जागे होतात तेव्हा रिफाम्पिसिन हे दुसरं औषध त्यांना गाठतं, त्यासाठी ते रोज रक्तात असायला लागतं आणि पुढचे चार महिने त्यातच जातात.