शब्दचर्चा : ‘कलरेबल एक्सरसाइज’ला मराठीत काय म्हणायचं?

टाचणी
कामगारांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे. विषय आहे महाराष्ट्राच्या १९७१च्या एमआरटीयू-पल्प, म्हणजे कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याची चौथी अनुसूची. मालकांच्या अनुचित प्रथा तिच्यात दिल्या आहेत. पहिल्याच बाबीत, मालकाने सद्भावनेने नव्हे तर आपल्या हक्कांच्या ‘कलरेबल एक्सरसाइज’मधून कामावरून काढणं, असं येतं. आधीच्या मसुद्यात कुणी ‘हक्कांचा रंगीत वापर’ करून ठेवलंय. संपादक ‘आभासी वापर’ म्हणतात. पण कामगाराची नोकरी खरोखरच जाते, मग आभासी काय? प्रस्तावनेत पुढे ‘फ्रॉड ऑन स्टॅट्यूट’ही आलंय. त्याला ‘कायद्याची फसवणूक’ चालेल का, आणि हे दोन्ही एकच का? वाचणारे दहावी-बारावी शिकलेले, मशीनवर काम करणारे आहेत.

शुद्धमती
‘छद्म’ हा नेमका शब्द हाताशी आहे. ‘अधिकाराचा छद्मप्रयोग’ आणि ‘विधिकपट’. पारिभाषिक शब्द सोपा नसतो, तो शिकायचा असतो. ‘ऑक्सिजन’ कुणाला आईच्या मांडीवर कळला होता?

चौथापाळी
छद्म म्हटलं की आमच्या खात्यात लोक ‘छद्मी हसणं’ समजतील. मराठीत त्याचा तेवढाच एक वापर उरलाय. सरळ ‘अधिकाराचा गैरवापर’ लिहा.

जुनी फाईल
गैरवापर फार मोठी पिशवी आहे, चौथापाळीभाऊ. त्यात चुकीने केलेलंही बसतं, नसलेला अधिकार वापरलेलंही बसतं. इथे अट वेगळी आहे. अधिकार खरा असतो, कागदही बहुतेक वेळा चोख असतो, फक्त ज्या कामासाठी अधिकार दिला ते काम सोडून भलतंच काम साधलेलं असतं.

सोसायटीचं उदाहरण घ्या. टाकी धुण्यासाठी पाणी बंद करायचा अधिकार सेक्रेटरीला आहे. मंगळवारी सभेत ‘ब’ विंगमधल्या सभासदाने हिशोब मागितला आणि बुधवारी नोटीस लागली की टाकी धुण्यासाठी ‘ब’ विंगचं पाणी दोन दिवस बंद. नोटिशीत चूक काढता येत नाही. पण टाकी धुणाऱ्याला बोलावलेलंच नाही, टाकी तिन्ही विंगची एकच आहे आणि गेल्या महिन्यातच ती धुऊन झाली आहे. नोटिशीवर ‘टाकी धुणे’ हा जो रंग चढवलाय, तोच हा ‘कलर’. इंग्रजी कायद्यात कलर म्हणजे वरून दाखवलेलं रूप, सबब. ‘रंगीत’ म्हणूनच चुकतं.

शुद्धमती
मग ‘रंग’ धातूपासूनच का नको? ‘प्रकरणाला राजकीय रंग देणे’ आपण म्हणतोच की.

मोडी
म्हणतो, पण तिथे रंग देणारा प्रकरण भडकवतो. इथे झाकायचं आहे. याला आपल्याकडे फार जुना शब्द होता, ‘व्याज’. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा. व्याजस्तुती आणि व्याजोक्ती आपण शाळेत अलंकार म्हणून शिकलो. ‘निर्व्याज प्रेम’ आजही लिहितो, त्यातलं व्याज हेच. ‘मिष’ही त्याच अर्थाचा, जुन्या मराठीत ‘मिषें’ म्हणजे निमित्त करून. मी तर ‘सव्याज अधिकारवापर’ लिहिलं असतं.

चौथापाळी
सव्याज म्हटल्यावर पतपेढी आठवेल. थकबाकीची नोटीस अशीच येते, ‘सव्याज भरावे’.

दाभोळकडचा
मी ऐकलंय की कलरेबलमध्ये हेतू बघतच नाहीत. ओरिसाच्या गजपती नारायण देव खटल्यात, १९५३ साली, सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट म्हटलंय. फक्त अधिकार होता की नव्हता एवढंच बघायचं. तेव्हा जुनी फाईल यांचं सोसायटीचं उदाहरण बसत नाही.

जुनी फाईल
खटला बरोबर सांगितलात, पण तो कायदे करणाऱ्या विधिमंडळाबद्दल आहे. विधिमंडळाला त्या विषयावर कायदा करता येतो की नाही, एवढाच तिथे प्रश्न. येत असेल तर आमदारांच्या मनात काय होतं ते न्यायालय शोधत नाही. येत नसेल, तर कायद्याला कुठलंही नाव दिलं तरी तो वाचत नाही. कलेक्टर, आयुक्त, मालक यांची गोष्ट निराळी. त्यांना अधिकार ठरावीक कामापुरता दिलेला असतो, म्हणून काम कोणतं साधलं हे बघावंच लागतं.

यासाठी पंजाब सरकार विरुद्ध गुरदयाल सिंग वाचा, १९८०चा म्हणून सांगतात तो. जैतू गावात धान्याची नवी मंडी करायची होती. आधी एक जागा ठरली होती. ती सुटली आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर संपादन आलं. राजकीय वैरातून सत्तेतल्या माणसाने हे घडवलं, असा त्या जमीनमालकांचा आरोप. मंडी सार्वजनिक कामच आहे, म्हणजे कागद चोख. पण ताडून बघताना दोन गोष्टी उघड्या पडल्या. वर्षानुवर्षं झोपून राहिलेलं काम एकाएकी ‘तातडीचं’ झालं आणि तातडीच्या कलमामुळे मालकांची हरकत ऐकायचं टळलं. शिवाय आरोप नेमके असूनही त्यांना शपथपत्रावर धड उत्तर आलं नाही. संपादन रद्द झालं.

त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी आणखी एक सांगितलंय, ते नवशिक्यांकडून हमखास सुटतं. नुसता आकस असून भागत नाही. काम खरोखर अधिकाराच्या हेतूतलंच असेल, तर मनात राग असल्याने आदेश मरत नाही. टाकीत खरंच शेवाळ असेल, तिन्ही विंगचं पाणी बंद केलं असेल आणि टाकी धुतली असेल, तर सेक्रेटरी मनातून खूश झाला म्हणून नोटीस खोटी ठरत नाही.

पायरी नं ३
आमच्या सोसायटीत कमिटीने मला पार्किंग नाकारलं. ठराव केलाय, सह्या आहेत, पण मिनिट्समध्ये कारणच नाही. हे कलरेबल झालं ना? रजिस्ट्रारकडे हाच शब्द लिहू का?

जुनी फाईल
कारण न देणं हा वेगळा दोष आहे, पायरीताई. तो तेवढाच मांडलात तरी वजन पडेल. कलरेबल म्हणायचं तर सांगितलेला हेतू आणि साधलेला हेतू असे दोन्ही दाखवावे लागतात. तुमच्याकडे सांगितलेलाच नाही. तुमच्यानंतर अर्ज केलेल्या कुणाला जागा दिली का, त्याच्या तारखा काढा.

टाचणी
माझ्या बाबीकडे येऊ या का? मालकाच्या बाबतीत हे कसं दिसतं?

चौथापाळी
हे मी सांगतो. स्टँडिंग ऑर्डरमध्ये मालकाला महिन्याचा पगार देऊन साधा डिस्चार्ज देता येतो. पत्रात ठपका नसतो, ‘आपली आवश्यकता नाही’ एवढंच. सोमवारी माणूस युनियनचा चिटणीस होतो आणि गुरुवारी पत्र येतं. पंधरा दिवसांत त्याच लेथवर नवा माणूस. आवश्यकता नव्हती तर हा कशाला घेतला? लेबर कोर्टात पत्र हा निम्मा पुरावा. उरलेला निम्मा त्या खात्याच्या हजेरीपटात असतो, म्हणून आधी तो मागवायचा.

जुनी फाईल
अगदी बरोबर. आणि टाचणीताई, ‘फ्रॉड ऑन स्टॅट्यूट’चा नमुना तुमच्याच अनुसूचीत सहाव्या बाबीला आहे. माणसाला बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून घ्यायचं आणि कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की हक्क लागू होतात. म्हणून सात महिन्यांनी, २१० दिवसांच्या आसपास, एकाला थांबवायचं, त्या जागी दुसरा घ्यायचा आणि पाच महिन्यांनी पहिल्याला परत बोलवायचं. प्रत्येक नेमणूक सुटी पाहिली तर कायद्यात बसते. सगळ्या एका ओळीत मांडल्या की दिसतं, काम एक दिवसही थांबलेलं नाही आणि २४०चा आकडा मात्र कुणाचाच भरलेला नाही. कायदा मोडला नाही, निकामी केला.

दाभोळकडचा
ही तर पळवाट. पळवाट काढणं गुन्हा नाही. करबचतीसाठी पीपीएफ भरणाराही मग कपटी म्हणायचा का?

जुनी फाईल
पीपीएफची सवलत कायद्यानेच ठेवली आहे. ती घेणारा कायद्याला हवं तेच करतो. सहाव्या बाबीतला मालक कायद्याला जे थांबवायचं होतं तेच घडवून आणतो. मधे बऱ्याच गोष्टी अशा आहेत की दोन न्यायाधीशांचं एकमत होणार नाही, हे मान्य. आणि सहाव्या बाबीत हेतू सिद्ध करायचा असतो. मालक कधी लिहून देणार नाही. पुण्याजवळच्या पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावरच्या मजुरांचा खटला डिसेंबर १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघाला, तो इथे उपयोगी पडतो. इतकी वर्षं कॅज्युअल ठेवलं यातूनच हेतू दिसतो, असं कोर्टाने धरलं.

मोडी
पुण्याचंच आणखी एक. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्रा. डी. सी. वाधवा यांनी बिहारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत अध्यादेश सरतो, म्हणून अधिवेशन संपलं की तोच पुन्हा काढायचा. अधिवेशन संपतंय, पुन्हा काढायच्या अध्यादेशांची तयारी करा, असं परिपत्रकच खात्यांना जायचं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९८६ मध्ये याला राज्यघटनेवरचा फ्रॉड म्हटलं. टाचणीताई, यात कुणी कुणाशी खोटं बोललेलं नाही हे बघा. ‘फसवणूक’ म्हटलं की मराठीत फसणारा माणूस लागतो. इथे माणूस नाही, कायदा आहे.

शुद्धमती
म्हणून ‘कपट’ हवं. ‘कायद्याशी कपट’, यात फसणारा लागत नाही. ‘फसवणूक’ला माझाही विरोध.

चौथापाळी
कपट म्हटलं की पुन्हा मनातलं काळं आलं. कायद्याला ‘बगल देणं’ म्हणा, सगळ्यांना कळतं.

जुनी फाईल
बगल पीपीएफवालाही देतो म्हणायचे, तिथेच दाभोळकडच्यांचा आक्षेप परत येतो. कलरेबलला मात्र मी ‘नावाखाली’ सुचवेन. ‘मालकाच्या हक्कांच्या नावाखाली, सद्भावनेशिवाय कामावरून काढणे.’ साध्या बोलण्यात आपण हेच म्हणतो, विकासाच्या नावाखाली, शिस्तीच्या नावाखाली.

शुद्धमती
‘नावाखाली’ हे अव्यय झालं. पुढे ‘कलरेबल लेजिस्लेशन’ आलं की काय करणार, ‘नावाखालचा कायदा’? संज्ञेला नाम हवं, विशेषण हवं. पुस्तिकेपुरतं ठीक, कोशात चालणार नाही.

टाचणी
मला कोश करायचा नाहीये, शुद्धमतीताई, शुक्रवारी प्रूफ द्यायचंय. पहिल्या बाबीला ‘नावाखाली’ करते आणि खाली लेथचं उदाहरण घालते. ‘फ्रॉड’वर मात्र मी अजून कपट आणि बगल यांत अडकले आहे.

मोडी
अडकलात तर ‘हरताळ’ बघा, ‘कायद्याला हरताळ फासणे’. जुन्या पोथ्यांत चुकलेलं अक्षर पिवळ्या हरताळाने झाकत. अक्षर खोडलेलं दिसायचं नाही, पण वाचता यायचं नाही. सहाव्या बाबीत नेमकं तेच होतं.

शुद्धमती
पण आज ‘हरताळ फासणे’ उघड मोडण्यालाच म्हणतात.

चौथापाळी
आणि हरताळ म्हणजे आमच्याकडे बंद. कामगारांच्या पुस्तिकेत ‘मालकाने हरताळ’ वाचून काय समजतील?

मोडी
संपाचा हरताळ वेगळा, तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार, त्यावरून आला. पोथीतला हरताळ ‘हरिताल’ या खनिजावरून. दोन शब्द आहेत ते.

पायरी नं ३
तारखा मिळाल्या. माझ्यानंतर दोघांना पार्किंग दिलंय, एक जण कमिटीतलाच. आता लिहू का?