‘अहिंसक बळी’ म्हणता येईल का? पिष्टपशू, कोहळा आणि ‘प्रतिनिधी’

केतकी_प
उपयोजित नीतिशास्त्राच्या निबंधासाठी ‘धर्म आणि प्राणी’ हे प्रकरण लिहिते आहे. यज्ञात पशूऐवजी पिठाची आकृती वापरणं, नवरात्रात बोकडाऐवजी कोहळा कापणं, देवीपुढे नारळ फोडणं, या सगळ्याला मी ‘अहिंसक बळी’ असा एकच शब्द वापरला. तपासणाऱ्यांनी त्याखाली रेघ ओढून ‘वदतोव्याघात’, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं, असं लिहून पाठवलं. ‘बळी’ म्हटलं की हत्या आलीच का? आणि ‘प्रतीकात्मक बळी’ लिहिलं तर अडचण सुटेल का?

आडवाट
रेघ बरोबरच ओढली आहे. बळी म्हणजे जीव घेणं. जीव घेतला नाही तर तो नैवेद्य. आणि मुळात वेदांत पशू मारायला सांगितलंच नव्हतं. ‘अज’ म्हणजे जो जन्मत नाही, पुन्हा रुजत नाही असं जुनं धान्य. पुढच्या लोकांनी त्याचा बोकड केला. त्यामुळे पिठाचा पशू हाच खरा यज्ञ, तिथे ‘प्रतीक’ म्हणायचीही गरज नाही.

गोदातीर
आडवाट, दोन्ही मुद्द्यांत थोडं तथ्य आहे, पण ते तुम्ही नेलं आहे तितकं लांब जात नाही.

आधी ‘बळी’. संस्कृत ‘बलि’चा मूळ अर्थ अर्पण केलेला वाटा, राजाला दिलेल्या करालाही तोच शब्द होता. वैश्वदेवानंतर भूतांसाठी शिजवलेला भात ठेवतात ते बलिहरण, श्राद्धात कावळ्याला ठेवलेलं पान तो काकबली. यात कुणाची मान कापली जात नाही. मराठीत मात्र ‘बळी देणे’ आणि अपघाताच्या बातमीतलं ‘बळी गेले’ यांमुळे मृत्यूचा अर्थ इतका घट्ट बसला आहे की आजच्या वाचकाला ‘अहिंसक बळी’ खटकणारच. तेव्हा केतकीताई, व्युत्पत्तीने तुमची बाजू टिकते, वापराने टिकत नाही.

आता ‘अज’. ही कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे. यज्ञ ‘अजा’ने करावा यावर देव आणि ऋषींचा वाद होतो. ऋषी म्हणतात बीजं, देव म्हणतात बोकड. उपरिचर वसूला विचारतात, तो देवांची बाजू घेतो आणि शापाने आकाशातून खाली पडतो. जैन परंपरेतही हीच कथा नारद आणि पर्वत यांच्या वादाच्या रूपात येते. याचा अर्थ इतकाच की हा अर्थ लावणारा जुना, आदरणीय पक्ष होता. पण वैदिक श्रौत विधीत अग्नी आणि सोम यांना द्यायच्या अग्नीषोमीय पशूच्या वेळी जो प्रैष, म्हणजे आज्ञेचा मंत्र, म्हणतात त्यात ‘छागस्य वपाया मेदसः’ असे शब्द आहेत. छाग म्हणजे बोकड, वपा म्हणजे पोटातलं चरबीचं पटल. बियाण्याला वपा नसते. वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी नेमक्या याच मंत्राच्या आधारे ‘पशू म्हणजे इथे बोकड’ असा निर्णय दिला आहे.

केतकी_प
म्हणजे पिठाचा पशू हा नंतरचा बदली पदार्थ. मग ‘प्रतिनिधी’ हा शास्त्रीय शब्द वापरू का? कुठेतरी वाचला होता.

गोदातीर
तिथे जरा थांबा. ‘प्रतिनिधी’ला नियम आहेत आणि ते तुमच्या निबंधाच्या गाभ्याचे आहेत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात ही चर्चा येते. सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्यासारखं दुसरं घ्यावं. सोम मिळाला नाही तर पूतिका ही दुसरी वनस्पती. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना मात्र प्रतिनिधी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रतिनिधी घ्यायचं कारण एकच, मूळ वस्तूचा अभाव. बोकड गोठ्यात उभा आहे, पण तो मारणं नको वाटतं म्हणून पीठ घेतलं, तर मीमांसेच्या हिशेबाने तो प्रतिनिधी होतच नाही.

म्हणून पिष्टपशूच्या, म्हणजे पिठाच्या पशूच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मध्वाचार्यांच्या माध्व परंपरेला नुसता ‘बदली’चा युक्तिवाद पुरत नाही, पीठ हेच विहित आहे असं दाखवावं लागतं. विरोधी स्मार्तांचा आक्षेपही तिथेच होता. हिंसा वाईट की चांगली हा त्यांचा प्रश्नच नव्हता, कारण ‘यज्ञे वधोऽवधः’, यज्ञातला वध हा वध नव्हे, हे मनुस्मृतीतलं वचन त्यांच्या हाती होतं. त्यांचा प्रश्न असा की विधीचं द्रव्य बदलण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

एक उदाहरण नीट मांडता येईल. १९७५ साली केरळात पांजाळ इथे नंबुद्री ब्राह्मणांनी अग्निचयन हा वैदिक यज्ञ केला, परदेशी अभ्यासकांनी त्याचं चित्रीकरण केलं. विधीप्रमाणे १४ बोकड लागणार होते. बाहेर विरोध झाला, तेव्हा त्यांच्या जागी तांदळाच्या पिठाच्या, केळीच्या पानात गुंडाळलेल्या पुड्या वापरल्या गेल्या. इथे बोकड मिळत नव्हता असं नाही. समाजाची नैतिक जाणीव विधीत शिरली आणि विधीने ती पिठाच्या रूपात सामावून घेतली. याला ‘प्रतिनिधी’ म्हटलंत तर नेमकी ही गोष्टच लपते.

वीरसागर
जैन बाजू इथे वेगळीच आहे आणि निबंधात ती हवीच, कारण ती पिठालाही सोडत नाही. सोमदेवसूरींच्या यशस्तिलकात (इ. स. ९५९) यशोधर राजाची कथा आहे. अशुभ स्वप्नाच्या शांतीसाठी आई पशुबळी मागते. राजा नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करतात आणि राजा देवीपुढे त्याच्यावर शस्त्र चालवतो. रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी मायलेकांना जन्मामागून जन्म पशुयोनीत काढावे लागतात. पहिल्या जन्मी राजा मोर होतो, आई कुत्रा.

कारण तत्त्वार्थसूत्रातली व्याख्या: ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. प्रमादाने, क्रोध-लोभासारख्या कषायांनी ग्रासलेल्या मनाने प्राण हिरावून घेणं ही हिंसा. पुढच्या आचार्यांनी यातून प्रत्यक्ष घडणारी द्रव्यहिंसा आणि मनात घडणारी भावहिंसा असा भेद केला. पिठाचा कोंबडा कापताना ‘मी कोंबडा मारतो आहे’ हा संकल्प असतो, म्हणून द्रव्यहिंसा नसली तरी भावहिंसा पूर्ण घडते. श्रावकाला शेतीतली किंवा स्वयंपाकातली आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, ठरवून केलेली संकल्पी हिंसा मात्र टाळायलाच हवी. आता गंमत पाहा, पीठ दळताना होते ती आरंभी हिंसा क्षम्य, आणि त्याच पिठाचा कोंबडा करून कापला की दोष मोठा. म्हणून तुमच्या ‘अहिंसक’ या विशेषणाला माझा विरोध ‘बळी’पेक्षा जास्त आहे.

गोदातीर
वीरसागर यांच्या म्हणण्याला ब्राह्मणग्रंथांकडून अनपेक्षित दुजोरा मिळतो. ऐतरेय ब्राह्मणात कथा आहे की यज्ञाला योग्य असा ‘मेध’ माणसातून घोड्यात, मग बैलात, मेंढ्यात, बोकडात आणि शेवटी जमिनीत जाऊन भात झाला. म्हणून पुरोडाश, म्हणजे पिठाची आहुतीची पोळी, हाच पशू. पुढे भाताच्या कुसळांना लोम, तुसाला कातडी, कांडताना पडणाऱ्या कोंड्याला रक्त आणि पिठाला मांस म्हटलं आहे. म्हणजे पीठ आल्याने वध विसरला गेला नाही. तो पिठात पुन्हा शब्दाशब्दाने रचला गेला.

रुकसाना_म
मग कुर्बानीला ‘बळी’ हा प्रतिशब्द लिहिणं किती बरोबर? आमच्याकडे दर वर्षी कुणीतरी विचारतं की बोकडाऐवजी पैसे दान केले तर चालतील का.

हनफी मताप्रमाणे जिलहिज्जच्या १०, ११ आणि १२ तारखेला, ज्याच्यावर कुर्बानी वाजिब, म्हणजे बंधनकारक, आहे त्याने जनावरच द्यायचं. पैसे दिल्याने ती अदा होत नाही. दिवस निघून गेले आणि कुर्बानी राहिली, तर मग किंमत सदका म्हणून दान करायची. बोकड वर्षाचा पूर्ण हवा, म्हणून बाजारात दोन दात बघतात. आंधळा, चालता येत नाही इतका लंगडा, हाडं दिसणारा रोगट चालत नाही. मोठ्या जनावरात सात हिस्से होतात. गोश्ताचे तीन भाग करणं चांगलं समजतात, सक्तीचं नाही. आणि कुरआनात (२२:३७) स्पष्ट आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमचा तकवा, म्हणजे ईश्वरनिष्ठा, पोचतो. शब्दही ‘कुर्ब’ म्हणजे जवळीक यातून आलेला. देवाला जेवण देणं हा अर्थ त्यात नाहीच.

गोदातीर
अगदी महत्त्वाचं. केतकीताई, ‘कुर्बानी’ तसाच ठेवा. पण तुलना जरूर करा: एकीकडे मन महत्त्वाचं म्हणून पिठाचा कोंबडाही दोषी, दुसरीकडे मन महत्त्वाचं तरीही जनावराला बदली नाही. ‘भाव महत्त्वाचा’ या एका वाक्यावरून दोन्ही परंपरांना एकाच निष्कर्षाकडे ढकलता येत नाही.

नांगरट
गावाकडचे शब्द कुणी घेतच नाही. आमच्याकडे ‘बळी’ कोण म्हणतं? जत्रा केली, कंदुरी केली म्हणतात. दर्ग्याला असो की म्हसोबाला, बोकड कापायला गावचा मुसलमान मुलाणी. त्याने सुरी फिरवली नाही तर जुनी माणसं मटण खायची नाहीत. आणि घरात एक माळकरी असला की त्याची चूल वेगळी, त्याच्या भांड्याला वशाट लागू द्यायचं नाही. शाकाहार हा शब्द पुस्तकातला, आमच्यात ‘त्याने माळ घातली’ एवढ्यात सगळं येतं. माझा प्रश्न वेगळा आहे: मुलाण्याने म्हसोबाचा बोकड हलाल केला, तर तो बळी कुणाच्या धर्माचा?

केतकी_प
हे तर माझ्या ‘हिंदू बळी’ आणि ‘मुस्लिम कुर्बानी’ या दोन रकान्यांत कुठेच बसत नाही.

मुक्ता_स
१९६० च्या प्राण्यांशी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २८ बघा. एखाद्या समाजाच्या धर्माला ‘आवश्यक’ असलेल्या पद्धतीने प्राणी मारणं या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही. नांगरट यांच्या बोकडाच्या बाबतीत ‘समाज’ कोणता आणि ‘आवश्यक’ कुणाला, हे दोन्ही शब्द अडतात. निबंधात हाच प्रश्न उघडा ठेवता येईल. माझं मत: ‘आवश्यक’ आणि ‘रूढ’ यांत भेद करायलाच हवा, नाहीतर कलम कशालाही लागू होईल.

कोहळ्याबद्दल एक पुरवणी. कोहळा कापून त्यावर कुंकू घालतात ते रक्तासाठीच. आणि पुष्कळ घरांत अख्खा कोहळा बाईने चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा असा रिवाज आहे, अगदी भाजीसाठी चिरायचा असला तरी. कोहळा घरात नुसती भाजी म्हणून येत नाही, हे यातून दिसतं.

आडवाट
‘अज’बद्दल पटलं, वपेचा पुरावा माहीत नव्हता. पण नारळाचं काय? नारळ तरी निव्वळ नैवेद्यच ना?

गोदातीर
नारळ आपण ‘फोडतो’ म्हणायचंही टाळतो, ‘वाढवतो’ म्हणतो. श्रौतातही तसंच आहे. पशू मारणं म्हणजे ‘आलंभन’, शब्दशः स्पर्श करणं. गुदमरवणं म्हणजे ‘संज्ञपन’, संमती घेणं. मारणारा तो ‘शमिता’, शांत करणारा. मात्र नारळाचं मूळ पशुबळीतच आहे असं मी म्हणणार नाही. वाढवणं हा शब्द आपण बांगडीलाही वापरतो, तिथे बळीचा संबंध नाही.

केतकी_प
मग असं करते. माध्व यज्ञासाठी ‘पिष्टपशू’च, कोहळ्यासाठी ‘कोहळ्याचा बळी’, आणि सगळ्यांना मिळून शब्द लागेल तिथे ‘प्राणहत्या टाळून केलेले बळी’. ‘अहिंसक’ काढते.

वीरसागर
चालेल. ‘टाळून’ हा शब्द ठेवा, त्यात निर्णय कुणी घेतला हे दिसतं.

नांगरट
आणि मुलाण्याचं काय लिहिणार?