मदत हवी आहे: फोटोतलं मागचं बदलण्याचे पैसे आणि वेळ ग्राहकाला ईमेलमध्ये कसं समजावू?

छत्रीबाग_स्टुडिओ:

नमस्कार मंडळी. इंदूरात माझा छोटा स्टुडिओ आहे. एका ताईंचा घरून साड्या विकण्याचा व्यवसाय आहे, महेश्वरी आणि चंदेरी. त्यांच्याच आग्रहाखातर फोटो त्यांच्या वाड्याच्या चौकात काढले. मागे हिरव्या ऑइलपेंटची भिंत होती. तेव्हा त्यांना ती फार आवडली होती. आता साड्या ऑनलाइन विकायच्या आहेत, म्हणून सगळ्यांच्या मागे पांढरं हवं, आणि दोन फोटोंमागे बॅनरसाठी महेश्वरचा घाट.

एकूण 34 फोटो आहेत. 20 घडी घातलेल्या साड्यांचे, 8 नेसलेल्या महेश्वरी साड्यांचे, 6 झिरझिरीत चंदेरी टिश्यूचे, त्यात पदर हातावर पसरलेला. घडीच्या 20 पैकी काही त्यांच्या भाच्याने मोबाइलवर काढलेत आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेत.

मी फोटोमागे दर सांगितले तर त्यांचं उत्तर आलं, "फक्त मागचंच काढायचंय ना, मोबाइलवर एका बोटात होतं. एका साडीला 60 रुपये आणि दुसरीला 900 का?" बाई भल्या आहेत, वर्षानुवर्षांचं काम आहे, त्यामुळे तोडून बोलायचं नाही. पण लिहायला बसलो की ईमेल एकतर भांडणासारखी होते नाहीतर शाळेच्या धड्यासारखी. कुणी अशी ईमेल लिहिली आहे का?

---

पोहे_जलेबी:

भिया, सोपं आहे. रॉ फाईल मागा, 300 डीपीआय मागा, आणि सांगा की हे नसेल तर काम होणार नाही. रॉ असली की मागचं काढणं लोण्यासारखं जातं.

---

आजोळ_लष्कर:

मी ग्वाल्हेरची. माझाही प्रश्न हाच. पासपोर्टच्या फोटोला पांढरं मागे हवं म्हणाले. माझे केस पांढरे, साडी पांढरी. दुकानातल्या मुलाने मागचं काढलं तर अर्धा कानही गेला. 80 रुपये घेतले वर. तुम्ही लोक आधी का नाही सांगत?

---

मिलगेट:

काकू, तुमचं दुखणं वेगळं वाटलं तरी मूळ एकच आहे. कडा. कामाचे पैसे फोटोच्या संख्येवर नाही, कडेवर ठरतात. छत्रीबाग, ईमेल तिथूनच सुरू करा.

घडी घातलेल्या साडीची कड सरळ आणि ठाम असते. पेन टूलने बाहेरून रेघ फिरवायची, थोडी सावली परत घालायची, संपलं. नेसलेल्या साडीत केसांची भर पडते, निऱ्यांच्या मधल्या फटी येतात. वेळ लागतो, पण कापड आहे आणि कापड नाही यातली सीमा तरी दिसते. टिश्यूत ती सीमाच नसते. पदराच्या प्रत्येक ठिपक्यात थोडी साडी आणि थोडी तुमची हिरवी भिंत मिसळलेली असते. भिंत काढली तरी तिचा हिरवा कापडात उरतो. शिवाय जरीची तार चकाकते, ती समोरचा, बाजूचा, सगळा हिरवा परत फेकते आणि सोनं पितळेसारखं दिसतं.

हिरवा उतरवता येतो, पण साडीची किनार पोपटी असेल तर भिंतीचा हिरवा कुठला आणि किनारीचा कुठला हे सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. तिथे हातानेच भाग भाग करून रंग बसवावा लागतो, आणि खरी साडी समोर असल्याशिवाय तो अंदाजच असतो. ग्राहकाला ऑनलाइन एक रंग दिसला आणि घरी दुसरा आला की साडी परत येते. 900 रुपये या कामाचे आहेत, हे ताईंना याच शब्दांत सांगा. त्या साड्या विकतात, तुमच्या माझ्यापेक्षा लवकर समजतील.

---

पोहे_जलेबी:

मग रॉचं काय चुकलं?

---

मिलगेट:

अर्धं बरोबर आहे. रॉमध्ये रंगाची छटा हलवायला जागा जास्त असते, आणि जेपीजीत उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची बऱ्याचदा पाव भागच ठेवतात. त्यामुळे जेपीजीत लाल काठाला लागून हिरव्याची एक मळकट रेघ येते, ती कापताना त्रास देते. म्हणून स्टुडिओच्या फोटोंसाठी रॉवरूनच काम करा. पण भिंतीतून आलेला हिरवा रॉमध्येही असतोच, तो कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेला आहे. आणि भाच्याच्या मोबाइलात रॉ असण्याची शक्यता कमी.

300 डीपीआय मात्र मागूच नका. तो आकडा फाईलमध्ये कुणीही बदलू शकतं, एक ठिपकाही वाढत नाही. पिक्सेल मागा. बारा मेगापिक्सेलचा फोन 4000 बाय 3000 चा फोटो देतो, व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना लांब बाजू साधारण 1600 वर आणतं आणि वर दाबून टाकतं. दाबलेल्या फोटोत काठाभोवती बारीक चौकोन दिसतात, ते जरीच्या नक्षीत मिसळतात. ओळखायचं कसं? फाईलच्या नावात `WA` दिसलं, जसं `IMG-20240911-WA0012.jpg`, तर ती बहुधा मूळ नाही. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा ड्राइव्हवर टाकायला.

---

छत्रीबाग_स्टुडिओ:

हे कामाचं आहे. सहा टिश्यू पुन्हा काढून द्यायचं सुचवू का? मी हिशेब केला. अर्ध्या दिवसाचे 4000 आणि नंतरची साफसफाई 250 प्रमाणे 1500, म्हणजे 5500. आहेत तेच फोटो दुरुस्त केले तर 900 प्रमाणे 5400. शंभर रुपयांचा फरक.

---

मिलगेट:

सुचवाच. पण नुसतं पांढऱ्या भिंतीसमोर उभं करू नका. करड्या कागदाचा रोल लावा आणि साडी त्यापासून पाच-सहा फूट पुढे ठेवा. करड्याला स्वतःचा रंग नाही, त्यामुळे पदरातून दिसला तरी साडी फक्त थोडी गडद होते, रंग बदलत नाही. पहिल्या फोटोत करडं कार्ड धरून ठेवा, व्हाइट बॅलन्स त्यावरून.

आणि पदर नुसता दांडीवर टांगून दाखवायचा असेल तर एक जुनी युक्ती आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्सपोजर मॅन्युअल, पंखा बंद. एक फोटो पांढऱ्यासमोर, तसाच दुसरा काळ्यासमोर. जो ठिपका दोन्हींत सारखा दिसतो तिथे कापड घट्ट आहे, जिथे जितका फरक तिथे कापड तितकं पारदर्शक. यातून पदराचा विरळपणा अंदाजाने नाही, मोजून मिळतो, मागे काहीही ठेवा. मर्यादा एकच, मधे काही हललं तर संपलं. माणसाने नेसलेल्या साडीला उपयोग नाही, श्वासाने पदर हलतो.

---

दांडिया_बाजार:

वडोद्याहून. आम्ही लग्नाचेच फोटो जास्त करतो, तरी दोन गोष्टी लिहितो. पहिली, दिवस मोजायचे कधीपासून ते ईमेलमध्ये स्पष्ट टाका. माझे ग्राहक "सोमवारी सांगितलं होतं" म्हणतात आणि फाईल येते शुक्रवारी. शेवटची मूळ फाईल आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. दुसरी, घाटाचा फोटो कुठून आणणार? नेटवरून उचललेला असेल तर दुसऱ्याचा हक्क असतो, आणि बहुतेक वेळा छोटाही असतो. आणि घाटावर सूर्य उजवीकडून, तुमचा दिवा डावीकडून, असं झालं तर कितीही सफाईने कापा, बाई चिकटवलेलीच दिसते. कॅमेऱ्याची उंचीही जुळावी लागते. तुम्ही छातीच्या उंचीवरून काढलं असेल तर घाटाचं क्षितिजही तिच्या छातीशीच यायला हवं.

थर असलेली पीएसडी फाईल मी कधीच देत नाही. मागितली तर दुप्पट.

---

मिलगेट:

पीएसडीबद्दल माझं मत उलट आहे. ताईंना उद्या पांढऱ्याऐवजी बदामी हवं झालं तर त्या पुन्हा तुमच्याकडेच येतील, फाईल दिलीत तरी.

---

दांडिया_बाजार:

इंदूरचे ग्राहक भले असतील, आमचे फाईल घेऊन शेजारच्या दुकानात जातात.

---

छत्रीबाग_स्टुडिओ:

पीएसडीचा मुद्दा सध्या गाळतो, ताईंनी विचारलेलंच नाही. ही ईमेल कशी वाटते पाहा.

"नमस्कार ताई,

60 आणि 900 मधला फरक तुम्ही विचारलात, तो साडीच्या पोतामुळे आहे. सोबत दोन नमुने जोडले आहेत, घडीची एक महेश्वरी आणि पोपटी किनारीची टिश्यू, दोन्हींचं मागचं साध्या पद्धतीने काढून खाली लाल रंग ठेवला आहे. घडीची साडी स्वच्छ दिसेल. टिश्यूच्या पदरात मात्र भिंतीचा हिरवा अडकलेला दिसेल, आणि जरीची तार मळकट. मोबाइलवर हेच होतं, फक्त पांढऱ्यावर ते चटकन लक्षात येत नाही.

घडीच्या 20 फोटोंचे 60 प्रमाणे 1200, नेसलेल्या 8 चे 250 प्रमाणे 2000. सहा टिश्यूंसाठी दोन रस्ते आहेत. आहेत तेच फोटो हाताने दुरुस्त केले तर 5400, एकूण 8600. पण रंग हुबेहूब येईल असं वचन देता येणार नाही. करड्या कागदासमोर पुन्हा काढले तर 5500, एकूण 8700, आणि रंग साडीशी ताडून देईन. माझा सल्ला दुसऱ्याचा. साड्या अजून विकल्या गेल्या नसतील तरच हे शक्य आहे, तेवढं कळवा.

भाच्याने काढलेल्या फोटोंच्या मूळ फाईल लागतील. त्याच्या मोबाइलमधून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मूळ मिळाल्या नाहीत तर ते फोटो छोट्या आकारात चालतील, पण झूम केल्यावर नक्षी फुटेल.

सगळ्या फाईल आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घडीचे आणि नेसलेले फोटो चार कामाच्या दिवसांत देईन. टिश्यूंना आणखी पाच. आधी प्रत्येक प्रकारातला एक फोटो दाखवेन, तुम्ही हो म्हणालात की बाकीचे. त्यानंतर एकदा बदल त्यातच धरले आहेत.

घाटाच्या दोन फोटोंचे पैसे घाटाचा फोटो पाहूनच सांगता येतील. तुम्ही स्वतः काढलेला, सकाळचा, उजेड डावीकडून येणारा असला तर उत्तम."

---

मिलगेट:

चांगली आहे. एक जोडा. पांढरी किंवा मोतिया टिश्यू असेल तर शुद्ध पांढऱ्यावर तिची कडच दिसत नाही. अ‍ॅमेझॉनवर विकणार असतील तर मुख्य फोटोमागे शुद्ध पांढरं, म्हणजे 255, 255, 255 लागतं, तिथे करडी छटा चालत नाही. सहापैकी अशी किती?

---

छत्रीबाग_स्टुडिओ:

दोन. एक मोतिया, एक अगदी फिकी बदामी.

---

मिलगेट:

मग त्या दोन पुन्हा काढताना दोन्ही बाजूंना काळा कापडी पडदा उभा करा, फ्रेमच्या जरा बाहेर. कडेला बारीक गडद रेघ येते आणि साडी पांढऱ्यावर सुटी दिसते. नंतर सॉफ्टवेअरमध्ये अशी रेघ आखली तर नकली वाटते.

---

आजोळ_लष्कर:

माझ्या कानाचं काय करू? फोटो मला परवा द्यायचाय.

---

छत्रीबाग_स्टुडिओ:

काकू, त्या दुकानातून मूळ फोटो मागून घ्या, न कापलेला. नाहीच मिळाला तर रंगीत साडी नेसून पुन्हा काढा, पण पांढऱ्या भिंतीसमोर, कापायची वेळच येऊ नये.

ताईंचा आत्ताच फोन आला. टिश्यूंपैकी तीन विकल्या गेल्यात.