मदत हवी आहे: पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणपत्र अजून हातात नाही, कव्हर लेटरमध्ये कसं लिहू?

नोकरीच्या जाहिरातीत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ आहे, सक्ती नाही. माझा परीक्षेचा अर्ज हे प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय संस्थेने मंजूर केलाय, पण पहिल्या प्रयत्नात नापास झालो. मंजुरीपासून वर्षभरात तीनदा परीक्षा देता येते. दुसऱ्यांदा 22 ऑगस्टची तारीख घेतली आहे. आधी रेझ्युमेत ‘पीएमपी, पर्स्यूइंग’ लिहिलं होतं, तर रिक्रूटरने फोनवर थेट सर्टिफिकेट नंबरच मागितला. ओशाळलो. आता हा परिच्छेद केलाय (पाठवणार इंग्रजीतच):

“माझ्याकडे पीएमपी प्रमाणपत्र अद्याप नाही. अर्ज मंजूर असून परीक्षा 22 ऑगस्टला आहे. निकाल लागताच कळवेन.”

नावापुढे पीएमपी लावलेलं नाही. विचारलं तर नापास झाल्याचं सांगेनच. पण न विचारता ते पत्रातच लिहावं, की एवढंच पुरेसं प्रामाणिक आहे?