'जोडदर' वाचून किंमत का आठवते?

बोरूबहाद्दर: एका सॉफ्टवेअर कंपनीचा अहवाल मराठीत करतोय. अ‍ॅटॅच रेटला, म्हणजे प्लॅनसोबत अ‍ॅड-ऑन ही जादाची सोय विकत घेणाऱ्यांच्या प्रमाणाला, 'जोडदर' लिहिलं. 'मधल्या प्लॅनचा जोडदर ७०' वाचून तिकडून विचारणा आली, अ‍ॅड-ऑन महाग कधी केलं? दुसरा शब्द सुचवा.

शेवंता: त्यांचं काय चुकलं? विकाऊ वस्तूपुढे 'दर' आला की भावच डोळ्यांपुढे येतो. जन्मदर चालतो, कारण जन्म विकत मिळत नाही. 'संलग्नता प्रमाण' म्हणा.

टोणगा: संलग्न कॉलेजं असतात हो! पुरणे, पुरवणे, पुरवणी. घरचा शब्द आहे, तो घ्या.

हिशेबनीस: शब्द कुठलाही घ्या, पण प्रमाण कुणातलं? हे ७० आले कुठून?

बोरूबहाद्दर: वर्गणीदार १०००. साध्या प्लॅनवर ६००, मधल्यावर ३००, वरच्यावर १००. जादा रिपोर्टांचं अ‍ॅड-ऑन २२५ जणांनी घेतलंय, त्यांतले २१० मधले, १५ साधे. पण एका पानावर २२.५ टक्के छापलंय, दुसऱ्यावर २५. मला टंकनदोष वाटला.

हिशेबनीस: दोष नाही. वरच्या प्लॅनमध्ये ते रिपोर्ट आधीच मिळत असणार, म्हणजे त्या १०० जणांना विकायला काही उरत नाही. त्यांना धरलं तर २२.५, वगळलं तर २५. पण दोन्ही आकड्यांत खरी गोष्ट बुडते. मधल्यात ७० टक्के, साध्यात अडीच!

टोणगा: मग सोपंय. मधल्या प्लॅनमध्येच टाका आणि किंमत वाढवा.

हिशेबनीस: पुष्कळ जण तेच करतात. पण उरलेल्या ९० जणांना नको त्याचे पैसे पडणार. ते साध्यावर उतरले किंवा सोडून गेले तर? आणि आधी वरच्या प्लॅनची किंमत बघा. मधला अधिक अ‍ॅड-ऑन त्याहून बराच स्वस्त पडत असेल, तर लोक वर न जाता मध्येच थांबलेत. साध्यातल्या अडीच टक्क्यांवरून मात्र भाव जड आहे की गरजच नाही, हे सांगता येत नाही. थोड्या जणांना कमी भावात देऊन बघावं लागतं.

मीपणएक: माझ्या वर्गणीच्या फॉर्मवर चौकटीत आधीपासूनच टिक होती. तीन महिने जादा स्टोरेजचे पैसे भरले, कळलंच नाही. मलाही धरलंय का यात?

हिशेबनीस: तुमच्या कंपनीने धरलंच असणार. म्हणून पहिल्या बिलावेळचा आणि नूतनीकरणानंतरचा आकडा शेजारी ठेवायचा. त्याच गिऱ्हाइकांत तो धपकन पडला, तर बऱ्याच जणांनी ते निवडलंच नसावं.

शेवंता: 'नूतनीकरण' म्हणजे घराला रंग. वर्गणी पुन्हा भरणं म्हणा.

टोणगा: आणि 'अ‍ॅड-ऑन' चालतं वाटतं सगळ्यांना?

बोरूबहाद्दर: तूर्त 'जोडखरेदीचं प्रमाण' लिहून पाठवतोय. कोणत्या प्लॅनमधलं, तेही दर वेळी.

शेवंता: 'दर वेळी'? आला बघा पुन्हा दर.