मदत हवी आहे: फंडाच्या पत्रकातला ७ टक्के अल्फा कितपत खरा मानावा?

देशस्थान

नमस्कार. आमच्या फंड वितरकांनी एका फ्लेक्सी कॅप फंडाचे एकपानी पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आहे. त्यात मोठ्या अक्षरांत ‘अल्फा ७, बीटा ०.८५’ असे छापले असून, बाजारापेक्षा कमी जोखीम घेऊन बाजारापेक्षा ७ टक्के जास्त परतावा मिळाला, असा त्याचा अर्थ त्यांनी सांगितला. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘३ वर्षे, निफ्टी ५० टीआरआय, डायरेक्ट प्लॅन’ असे लिहिले आहे. सध्याच्या दोन फंडांतली रक्कम काढून या फंडात टाकावी, असा त्यांचा सल्ला आहे. हे दोन आकडे नेमके कसे काढतात आणि एवढ्या आधारावर फंड बदलावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तळेगावकर

बीटा म्हणजे बाजार १ टक्का हलला की फंड सरासरी किती हलतो ते. ०.८५ म्हणजे बाजार १० टक्के पडला, तर हा फंड साधारण साडेआठ टक्के पडेल. अल्फा म्हणजे फंड व्यवस्थापकाच्या कौशल्याची कमाई. बीटा १ पेक्षा कमी आणि अल्फा भरघोस असेल, तर जोखीम कमी आणि कौशल्य जास्त, इतका हा सरळ हिशेब आहे. माझ्या मते फंड चांगला आहे.

मोगरा

मीही मागील वर्षी निफ्टी अल्फा ५० निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात पैसे गुंतवले आणि सध्या तोट्यात आहे. नावातच अल्फा असताना तोटा कसा होतो, हे मला अजून उमगलेले नाही. त्यामुळे अल्फाच्या नादी लागू नका, एवढेच सांगेन.

हिशेबनीस

मोगरा, तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तो निर्देशांक मागच्या एका वर्षात ज्या शेअरांचा अल्फा सर्वाधिक होता असे ५० शेअर निवडतो. होऊन गेलेला अल्फा पुढेही टिकेल, याची हमी त्यात कुठेच नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. तळेगावकर यांनी बीटाचा अर्थ बरोबर सांगितला आहे, पण ‘बाजार’ म्हणजे कोणता निर्देशांक, हे ठरवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. एखाद्या फंडात मिड कॅप आणि स्मॉल कॅप, म्हणजे मध्यम आणि लहान कंपन्यांचे शेअर भरपूर असतील, तर ते निफ्टी ५० च्या तालावर हलतातच असे नाही. ते स्वतःच्या कारणांनी जोरदार वरखाली होतात, पण निफ्टीशी त्यांची चाल कमी जुळत असल्यामुळे बीटा कमी दिसतो. सोन्याचा निफ्टीशी बीटा काढला तर तोही फारच कमी येईल, म्हणून सोन्याचा भाव स्थिर असतो असे कोणी म्हणत नाही. शिवाय फंडाने रोख रक्कम जास्त ठेवली असली तरी बीटा उतरतो.

अल्फा काढताना आधी त्या बीटाला किती परतावा अपेक्षित होता ते पाहतात आणि प्रत्यक्ष परताव्यातून तो वजा करतात. आकडे सोपे व्हावेत म्हणून समजा, तीन वर्षांत फंडाने सरासरी वार्षिक १९ टक्के, निफ्टी ५० ने १३ टक्के आणि बिनजोखमीच्या ठेवीने ६.५ टक्के दिले. म्हणजे जोखीम घेतल्याबद्दल बाजाराने वर ६.५ टक्के दिले. त्याच्या ०.८५ पट म्हणजे साधारण ५.५, त्यात ठेवीचे ६.५ मिळवले की १२ होतात. १९ मधून १२ गेले आणि ७ चा अल्फा उरला. पत्रकाच्या गणितात चूक नसेलही, घोळ मापदंडात, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निर्देशांकात आहे. फंड घराण्याच्या मासिक फॅक्टशीटमध्ये पाहिलेत, तर अधिकृत मापदंड बहुधा निफ्टी ५०० टीआरआय, म्हणजे लाभांश धरून मोजलेला निफ्टी ५०० असेल. तिथला बीटा आणि लार्ज कॅपचे प्रमाण इथे लिहाल का?

देशस्थान

फॅक्टशीट पाहिली. मापदंड निफ्टी ५०० टीआरआय असाच आहे, बीटा ०.९५ दिला आहे, आणि सुमारे ६० टक्के रक्कम लार्ज कॅपमध्ये, तर बाकीची बहुतेक मिड कॅपमध्ये आहे. माझी गुंतवणूक वितरकांमार्फत होणार असल्याने ती रेग्युलर प्लॅनमध्ये असेल.

हिशेबनीस

मग वरचेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, त्याच काळात निफ्टी ५०० ने १५.५ टक्के दिले. ठेवीच्या वर ९, त्याच्या ०.९५ पट साडेआठच्या आसपास, म्हणजे अपेक्षित परतावा १५ आणि अल्फा ४. निर्देशांक बदलताच ७ चे ४ झाले, फंडाने मात्र काहीच वेगळे केलेले नाही.

आता फंडासारखेच मिश्रण करू. लार्ज कॅपच्या निर्देशांकाने १३.५ आणि मिड कॅपच्या निर्देशांकाने २० टक्के दिले असतील, तर ६० आणि ४० च्या प्रमाणात दोन साधे इंडेक्स फंड घेणाऱ्याला १६.१ टक्के मिळाले असते. उरला २.९. रेग्युलर प्लॅनचा खर्च डायरेक्टपेक्षा सुमारे १ टक्का जास्त धरला, तर तुमच्या हाती १.९ येतो.

हा १.९ तरी पक्का आहे का? फंडाचा परतावा अशा मिश्रणापासून वर्षाला साधारण ५ टक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत असेल, तर तीन वर्षांच्या सरासरीतही जवळपास ३ टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगाने, दोन्हीपैकी कोणत्याही बाजूला, सहज पडू शकतो. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर २ टक्क्यांचा अल्फा योगायोग नाही असे म्हणायला सुमारे २५ वर्षांची आकडेवारी लागेल, आणि तोवर व्यवस्थापक बहुधा बदललेला असेल. ज्यांच्या नावाने हा अल्फा ओळखला जातो त्या मायकेल जेन्सन यांनी १९६८ साली अमेरिकेतल्या ११५ फंडांचा १९४५ ते १९६४ या काळातला हिशेब मांडला होता. त्यात खर्च वजा जाता सरासरी अल्फा उणे निघाला होता.

तळेगावकर

बीटाच्या बाबतीत तुमचे म्हणणे मान्य आहे. पण मिड कॅपमध्ये ४० टक्के ठेवण्याचा निर्णयही व्यवस्थापकाचाच होता ना? तुम्ही तो मापदंडात घालून त्याचे श्रेय काढून घेत आहात.

हिशेबनीस

आक्षेप रास्त आहे. मिड कॅप वधारण्याआधी वाटा वाढवला आणि नंतर कमी केला असेल, तर ते श्रेय त्याला द्यायलाच हवे. फंड सुरुवातीपासून तसाच भरलेला असेल, तर ते वर्गाचे नशीब आहे. मागच्या महिन्यांची पोर्टफोलिओ पत्रके फंड घराण्याच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यांत हा वाटा कसा बदलत गेला ते पाहता येईल. तरीही वेळ साधली की साधली गेली, हा वाद तीन वर्षांच्या आकड्यांवर मिटेल असे मला वाटत नाही.

देशस्थान

धन्यवाद. वितरकांना निफ्टी ५०० शी तुलना असलेले पत्रक आणि रेग्युलर प्लॅनचे आकडे मागितले आहेत. जुने फंड विकताना भांडवली नफ्यावर किती कर बसेल, तेही विचारले आहे. उत्तर आले की इथे टाकतो.

मोगरा

कराचे उत्तर आले तर जरूर लिहा, मलाही तेच हवे आहे. माझ्या फंडातून मात्र आता बाहेर पडावे की थांबावे, यावर कोणीच काही बोलले नाही.