‘बिल ऑफ मटेरियल’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘घट’ नक्की कशाला?

स्टोअरकीपर:
सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी सुताचं स्टोअर सांभाळतो. आता हिशोब संगणकावर गेलाय आणि प्रत्येक खात्यात मराठी पत्रक लावायचं ठरलंय. भाषांतर करून आणलं, त्यात ‘बिल ऑफ मटेरियल’चं झालं ‘साहित्याचे देयक’. ताण्याचं सूत बीमच्या रुळावर भरणाऱ्या मामांनी ते वाचून विचारलं, “देयक कुणाचं? पैसे आपण द्यायचे का त्यांनी?” मला चांगला शब्द हवाय. शिवाय उत्पादनाच्या प्लॅनवरून सूत किती लागेल ते काढतो, तिथे ‘ढोबळ गरज’ आणि ‘निव्वळ गरज’ लिहिलंय. हे चालेल का?

कन्ना चौक:
देयक नाही, बीजक म्हणा. सूत व्यापारी मालाबरोबर देतो ते. त्यावर काउंट, वजन, दर, जीएसटी सगळं असतं. आमच्या वडिलांच्या वेळेपासून बीजकच म्हणतात.

स्टोअरकीपर:
नाही ओ, ते खरेदीचं झालं. मी म्हणतोय ती एक टॉवेल विणायला काय काय आणि किती लागतं त्याची यादी. त्यात पैसा कुठेच नाही.

शब्दवेडी:
इंग्रजीत ‘बिल’ म्हणजे मुळात लिहिलेला कागद. आपण वाटतो ते हँडबिल, त्यात कुठे पैसे मागितलेले असतात? संसदेतल्या बिलाला आपण विधेयक म्हणतो, देयक म्हणत नाही. तेव्हा ‘घटकसूची’ म्हणावं असं मला वाटतं. ‘साहित्यसूची’ म्हटलं तर ग्रंथालयातली वाटेल.

कडक भाकरी:
अगं, साहित्य म्हटलं की ग्रंथालय तुला आठवतं, आम्हाला स्वयंपाकघर! पाककृतीत वर ‘साहित्य’ आणि खाली ‘कृती’ लिहितातच ना, चार माणसांसाठी म्हणून प्रमाणही देतात. मी शेंगा चटणी करून विकते. माझी अडचण सांगते. २० किलो चटणीची ऑर्डर होती. दाणे भाजून, टरफल पाखडून १० किलोचे ९ किलो उरतात. तिखट-मिठाचं राहू दे, ते वेगळं मोजते. मला सोललेले २० किलो दाणे हवे होते, म्हणून १० टक्के जास्त धरून २२ किलो आणले. भरले १९ किलो ८०० ग्रॅम. ते २०० ग्रॅम गेले कुठे?

मागवाला:
काकू, काट्याचा फरक असेल. आमचंही तसंच असतं. स्टोअरकीपर साहेब, फार खोलात जाऊ नका. रंगाईची घट ६ टक्के, विणाईची ४, सेकंड म्हणजे दोष असलेला माल ३. बेरीज १३. टॉवेलमध्ये जेवढं सूत दिसतं त्यावर १३ टक्के चढवा आणि मागवा. शब्द काहीही लिहा.

जुना वजनकाटा:
काकूंचे २०० ग्रॅम काट्याने खाल्लेले नाहीत. १० टक्के घट ही आणलेल्या दाण्यांवर होते, उरलेल्यांवर नाही. २२ ची १० टक्के म्हणजे २.२, ती गेल्यावर १९.८ च राहणार. उलट जायचं असेल तर भागायचं: २० भागिले ०.९, म्हणजे सव्वाबावीस किलोच्या आत-बाहेर. चढवणं आणि भागणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मागवाल्यांनी तर तीन ठिकाणच्या घटी एकत्र करून चढवल्या आहेत.

स्टोअरकीपर, तुमचा एखादा चालू प्लॅन सांगा. त्यावरच बघू.

स्टोअरकीपर:
५,००० टॉवेल, ७५ बाय १५० सेंटिमीटर, तयार नग ४५० ग्रॅम. त्यात पाईलचं, म्हणजे वर उठणाऱ्या फाशांचं सूत २७० ग्रॅम, ग्राउंड ताणा ९० आणि बाणा ९०. सूत आधी रंगवून मग विणतो. घटीचे आकडे मागवाल्यांनी दिले तेच आमच्याकडेही आहेत.

जुना वजनकाटा:
फक्त पाईलचं धरू, बाकी तसंच निघतं. हिशोब गिऱ्हाइकाच्या दारातून मागे चालत यायचा. ५,००० चांगले नग हवेत आणि १०० त ३ सेकंड निघतात, तर मागावरून ५,१५५ उतरले पाहिजेत. त्यांना २७० ग्रॅमने सुमारे १,३९२ किलो. पण बीमचं शेवटचं टोक, तुटलेलं, उरलेलं यात ४ टक्के जातं, म्हणून रंगवलेलं सूत १,४५० किलो लागेल. आणि रंगाईत ६ टक्के जातं म्हणून कोरं सूत १,५४३ किलो.

मागवाल्यांच्या पद्धतीने १,३५० वर १३ टक्के चढवले तर १,५२५ किलो येतात. फरक १७-१८ किलोचा.

मागवाला:
बघा! १७ किलोसाठी एवढं? एवढ्या सुतात पन्नास-पंचावन्न टॉवेल होतील. आमचे बहुतेक गिऱ्हाईक ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतात.

जुना वजनकाटा:
चालवून घेत असतील तर प्रश्नच नाही, नग कमी पाठवा. पण मोजून ५,००० हवे असले की शेवटी कोणीतरी म्हणतं, २० किलो अजून रंगवून आणा. एका रंगछटेचे लॉट पाठोपाठ काढले तर रंगाऱ्याला सांभाळता येतात. पंधरा दिवसांनी २० किलोचा वेगळा लॉट काढला की निळा जरा हिरवट येतो, आणि ते पन्नास टॉवेल बाकीच्यांशेजारी ठेवले की दारातून दिसतात. पैसा सुतात जात नाही, तिथे जातो.

अजून एक. तुमच्या यादीत टॉवेलखाली थेट कोरं सूत लिहू नका. टॉवेलखाली रंगवलेलं सूत, आणि रंगवलेल्या सुताखाली कोरं सूत आणि रंग, अशा पायऱ्या ठेवा. नाहीतर कुठली घट कुठे लावली तेच कळत नाही. लेबलचं बघा ना, ते शिवणीत लागतं, म्हणजे तपासणीच्या आधी. म्हणून लेबलं ५,१५५. पॉलिबॅग तपासणीनंतर लागते, त्या ५,०००. एकाच टॉवेलच्या दोन वस्तू, पण हिशोब वेगळा.

शब्दवेडी:
मग ‘सूची’ हा शब्दच कमी पडतोय. सूची एका पातळीवर असते. ‘घटकवृक्ष’ कसं वाटतं?

कन्ना चौक:
वृक्ष कारखान्याच्या भिंतीवर? मामा पाणी घालतील.

स्टोअरकीपर:
😄 पायऱ्यांचं समजलं. आता निव्वळ गरज. माझ्याकडे कोरं सूत ६०० किलो आहे आणि ४०० किलोची ऑर्डर व्यापाऱ्याकडे दिलेली आहे, २५ तारखेला येणार. म्हणजे १,५४३ वजा १,०००, असे ५४३ किलो मागवायचे ना?

जुना वजनकाटा:
त्या ६०० मधलं दुसऱ्या ऑर्डरीला बांधलेलं किती?

स्टोअरकीपर:
२५० किलो. ते त्याच रॅकवर आहे.

जुना वजनकाटा:
मग हाताशी ३५०. रॅकवर दिसतं ते सगळं आपलं नसतं. आता पाईलचा बीम मागावर कधी चढायचाय?

स्टोअरकीपर:
पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. वार्पिंगला ३ दिवस आणि रंगाई-वाळवणीला ७ दिवस धरतो.

जुना वजनकाटा:
म्हणजे कोरं सूत २१ किंवा २२ तारखेला रंगाईला गेलं पाहिजे. २५ ला येणारे ४०० किलो कागदावर आहेत, पण या कामाला नाहीत. ते सोडलं तर निव्वळ गरज १,१९३ किलो. ५० किलोची बॅग असेल तर २४ बॅगा.

पण लगेच २४ बॅगा मागवू नका. आधी व्यापाऱ्याला फोन करून ते ४०० किलो १९ ला मिळतील का विचारा. मिळाले तर ७९३ उरतात, १६ बॅगांत काम होतं. चांगला हिशोब ‘नवीन घ्या’ म्हणायच्या आधी ‘ठरलेलं लवकर आणा’ म्हणतो. हाताने हिशोब करणारे हीच पायरी गाळतात आणि महिनाअखेर गोडाऊन भरून बसतात.

शब्दवेडी:
म्हणजे तुमच्या ‘निव्वळ’मध्ये तारीख आहे! पाठ्यपुस्तकातला ‘निव्वळ’ नुसती वजाबाकी दाखवतो. मला वाटतं इथे ‘तूट’ जास्त बरोबर. अमुक तारखेला अमुक किलोची तूट.

मागवाला:
तूट म्हणजे घट. एकच की.

जुना वजनकाटा:
इथे मात्र मी शब्दवेडींच्या बाजूने आहे. घट म्हणजे कामात जाणार हे आधीच माहीत असलेलं. तूट म्हणजे हवं होतं आणि नाही. आमच्याकडे सुपरवायझर दोन्हीला ‘शॉर्ट’ म्हणायचा. मग पाईल शॉर्ट आला की कोणी घटीचा टक्का वाढवायचं आणि कोणी व्यापाऱ्याला शिव्या घालायचं. एकदा कोणीच टॉवेल काट्यावर ठेवला नाही. ठेवला तेव्हा ४६२ ग्रॅम भरला! मागावर पाईलची उंची थोडी वाढली होती. नगाला १२ ग्रॅम, म्हणजे ५,१५५ नगांना ६० किलोच्या वर, आणि ते सगळं पाईलचं सूत. यादीत २७० च लिहिलेलं होतं. वर आपण ज्या १७ किलोंवर भांडलो त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणून रोज प्रत्येक मागावरचे दोन-तीन टॉवेल तोला. वजन सरकलं तर आधी माग दुरुस्त करा, आणि गिऱ्हाइकाने तेच वजन मान्य केलं असेल तरच यादी बदला. टक्का वाढवून ते झाकू नका.

स्टोअरकीपर:
आमच्या यादीतले २७० ग्रॅम दोन वर्षांपूर्वीचे आहेत. उद्या तोलतो.

मागवाला:
बरं, तोलायचंच म्हणता तर हे सांगा. एप्रिलमध्ये सोलापुरात तेच सूत हलकं भरतं, पावसाळ्यात जड. बॅगेवर ५० लिहिलेलं असतं, काट्यावर ४८ दाखवतो. धागा तर तेवढाच आहे. ही घट का तूट?

जुना वजनकाटा:
कापसाच्या सुतात ओल धरूनच वजन ठरवतात. कोरड्या वजनावर ८.५ टक्के हे प्रमाण मानलेलं आहे. उन्हाळ्यात ती ओल उडते. बॅगेवरचं वजन त्या प्रमाणाने असेल तर लांबी पुरते, टॉवेलही तेवढेच होतात. पण ४८ भरायला ओलच कारण आहे का बॅग मुळातच कमी भरलीय, ते ओल मोजल्याशिवाय मी सांगणार नाही. तुम्ही म्हणता तो शब्द माझ्याकडेही नाही. आम्ही त्यालाही घटच म्हणत आलो, आणि त्यातूनही भांडणं झालीत.

कडक भाकरी:
दाण्यांचं तसं झालं तर आम्ही ‘वाळले’ म्हणतो, ‘गेले’ म्हणत नाही. टरफल जातं, दाणा वाळतो.

शब्दवेडी:
‘वाळ’? घट, तूट आणि वाळ. पत्रकावर तीन रकाने?

कन्ना चौक:
मामांना आधी दाखवा. त्यांना कळलं तर ठेवा.

स्टोअरकीपर:
दाखवतो. तूर्त वरती ‘टॉवेलला लागणारं साहित्य’ एवढंच लिहिलंय, आणि देयकाचं पत्रक काढून टाकलंय. काकू, पुढच्या वेळी दाणे २२.२ किलो आणा.

कडक भाकरी:
साडेबावीस आणणार. सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम घरात खातात, ते कुठल्या रकान्यात लिहू?